होमलोनचा हप्ता झेपत नाहीये, बँकेला पत्रात नक्की लिहू काय?

नमस्कार काका, दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. आधी घरात ८८ हजार यायचे, आता माझा पगार ३८ आणि त्याचं पार्टटाइम काम ८, मिळून ४६. खर्च आवळून आवळून २६ वर आणलाय. होमलोन २४ लाख बाकी आहे, १२ वर्षं राहिलीत, व्याज ९ टक्के, हप्ता २७,३१३. लोन दोघांच्या नावावर. आजवर एक हप्ता चुकवला नाही, पण मागचा हप्ता क्रेडिट कार्डावरून पैसे काढून भरला. हातात शिल्लक ४० हजार. नवरा ४४ वर्षांचा आहे, त्याच्या लाइनमध्ये नवीन काम मिळायला सहा-आठ महिने जातात. बँकेला पत्र लिहायला बसले तर 'आमची परिस्थिती समजून घ्यावी' याच्यापुढे गाडी जातच नाही. मैत्रीण म्हणते सरळ वर्षभर हप्तेच थांबवून घे. काय करू?

ताई, गाडी पुढे जात नाही कारण तुम्ही पत्र लिहायला आधी बसलात आणि हिशोब नंतर करणार आहात. उलटं करा. मी बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, अशी पत्रं ढिगाने वाचलीत, आणि खरं सांगतो, परिस्थिती समजून घ्या असं लिहिलेलं पत्र वाचून टेबलापलीकडच्या माणसाला वाईट वाटतं पण करायचं काय ते कळत नाही. त्याला स्वतःच्या अधिकारात काही देता येत नसतं, त्याला वर एक नोट पाठवायची असते, आणि त्या नोटमध्ये तीन-चार गोष्टी भराव्याच लागतात: उत्पन्न का पडलं, ते परत येणार का आणि कधी, तोपर्यंत हे लोक महिन्याला किती भरू शकतात, आणि नेमकं मागतायत काय. तुमच्या पत्रात ही उत्तरं असली की तो नोटमध्ये तीच उतरवतो. नसली की तुमचं पत्र फाइलला लागतं आणि तुम्हाला फोन येतो, मॅडम एकदा येऊन भेटा. मग तुम्ही जाता, तो सुट्टीवर असतो, आणि तेवढ्यात पुढच्या हप्त्याची तारीख येते.

तर आधी आकडा. ४६ मधून २६ गेले, राहिले २०. म्हणजे २० हजाराच्या वरचा कुठलाही हप्ता तुम्हाला चालणार नाही, आणि खरं तर बरोब्बर २० चा पण नको, एखादं आजारपण आलं की तो पण जाईल. १८ च्या आसपास बसला तर बरं.

आता बँकेकडे साधारण तीन दारं असतात. पहिलं म्हणजे मुदत वाढवणं. सगळ्यात आधी बँकेचा माणूस हेच सुचवेल, कारण त्याला ते सोपं जातं. समजा १२ ची २० वर्षं केली, तर हप्ता येतो २१,५९३. म्हणजे बघा, आठ वर्षं वाढवून सुद्धा तो तुमच्या २० च्या वरच राहिला! आणि किंमत काय, तर व्याजापोटी जवळपास साडेबारा लाख जास्त जातात. पैसे हातात आल्यावर तुम्ही हप्ता परत वाढवून घेतला किंवा मधेमधे मुद्दल भरलं तर एवढे जाणार नाहीत हे खरंय, पण मी पाहिलेल्या बहुतेक लोकांनी वाढवून घेतला नाही, एकदा खर्च त्या हप्त्याला सरावला की सरावला. शिवाय मिस्टर ४४ चे, अधिक २० म्हणजे ६४, पगारदार माणसाला बँक रिटायरमेंटच्या पुढे सहसा खेचत नाही. १५ वर्षांवर तडजोड करा म्हणतील, त्याचा हप्ता होतो २४,३४२. तो तर मुळीच नको.

दुसरं दार तुमच्या मैत्रिणीचं, हप्तेच थांबवायचे. ऐकायला फार छान वाटतं. पण हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, आणि हा मुद्दा लोकांच्या खरंच लक्षात येत नाही. तुमच्या लोनवर महिन्याला १८ हजार व्याज चढतं (२४ लाखाचे ९ टक्के, भागिले १२). ते भरलं नाही की मुद्दलात मिळतं आणि पुढच्या महिन्यापासून त्याच्यावर पण व्याज. नऊ महिने काहीच भरलं नाही तर २४ लाखाचे २५ लाख ६७ हजार होतात. मग तुमचा जुनाच २७,३१३ चा हप्ता चालू केला तर १४४ ऐवजी १६३ च्या वर हप्ते भरावे लागतात. म्हणजे सुटी घेतली नऊ महिन्यांची आणि लोन लांबलं सव्वादोन वर्षांच्या वर, आणि खिशातून सव्वापाच लाखाच्या आसपास जास्त गेले. ज्यांच्या घरात खरोखर शून्य येतंय त्यांना दुसरा इलाज नसतो, त्यांनी हे घ्यावंच. तुमच्या घरात २० उरतायत, तुम्ही का घ्यायचं?

तिसरं दार तुमचं. काही महिने फक्त व्याज भरायचं, मुद्दल नाही. तेच ते १८ हजार. लोन वाढत नाही, २४ लाखावरच उभं राहतं, आणि मुदत संपली की जुना हप्ता परत चालू, फक्त शेवटची तारीख तेवढे महिने पुढे जाते. नऊ महिने घेतलेत तर जादा जाणार ते नऊ गुणिले १८, म्हणजे १ लाख ६२ हजार. कमी नाहीत हो, मान्य, पण सव्वापाच आणि साडेबाराच्या शेजारी ठेवून बघा. (व्याजदर ९ च राहील असं धरून हे सगळं आहे. दर बदलला तर आकडे हलतील, आणि बँक रोजच्या रोज व्याज मोजत असेल तर ३१ दिवसाच्या महिन्यात थोडे जास्त येतील, त्याने घाबरू नका.)

किती महिने मागायचे? तुम्ही लिहिलंय सहा-आठ लागतात. म्हणून नऊ मागा. सहा मागून सातव्या महिन्यात परत पत्र घेऊन जाणं फार जड जातं, कारण एकदा बदलून दिलेलं वेळापत्रक पण पाळता आलं नाही अशी नोंद तुमच्या नावावर होते आणि दुसऱ्यांदा सही करायला वरचे लोक तयार होत नाहीत. आणि त्याच कारणाने वर्ष-दीड वर्ष पण मागू नका, मग त्यांना वाटतं यांना स्वतःलाच खात्री नाही.

आता ते कार्ड. आधी ते मिटवा. कार्डावरून रोख काढली की व्याज बहुतेक त्याच दिवसापासून चालू होतं आणि ते होमलोनच्या कितीतरी पट असतं. ९ टक्क्यांचं लोन वाचवायला त्याच्यापेक्षा महाग उधारी करायची म्हणजे गळती थांबवायला भिंतच फोडली. ४० तले साधारण २७ तिकडे गेले की उरतात १२-१३ हजार. आणि ते बरोब्बर कुठे लागणार आहेत सांगतो, बँकेचं उत्तर येईपर्यंतचे हप्ते पुरे करायला. हप्ता २७,३१३, तुमच्याकडे २०, खड्डा ७,३१३ चा. म्हणजे एक हप्ता आरामात, दुसऱ्याला हजार-दोन हजार कुठून तरी उभे करावे लागतील. तुमच्याकडे एवढाच वेळ आहे, म्हणून पत्र या आठवड्यात जाऊ दे.

हे मी एवढं ताणून का सांगतोय, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोकांना वाटतं पत्र दिलं म्हणजे झालं, आता आपण १८ भरायला मोकळे. अजिबात नाही! बँकेचं मंजुरीचं कागद हातात येईपर्यंत जुनाच हप्ता देणं असतो. तुम्ही मनानेच १८ भरत राहिलात तर दर महिन्याला ९,३१३ ची थकबाकी साठते आणि तीन महिन्यांत ती एका पूर्ण हप्त्याच्या वर जाते, आणि तुम्ही मनात म्हणत असता की आम्ही तर दर महिन्याला भरतोय. सिस्टीमला ते दिसत नाही, तिला फक्त थकीत दिवस दिसतात. ९० दिवस थकलं की बँका खातं बुडीतच्या रांगेत टाकतात, एनपीए म्हणतात ते. त्यानंतर तेच पत्र घेऊन गेलात तर समोर कर्ज विभागाचा माणूस नसतो, वसुलीचा असतो, आणि त्याची भाषा वेगळी असते. आज तुमच्याकडे सगळ्यात भारी पत्ता कुठला माहितीये? एकही हप्ता न चुकल्याचा रेकॉर्ड. तो आजच्या आज वापरायचा.

आणि हप्ता ऑटो डेबिटने जात असेल तर अजून एक. मंजुरी आली तरी खात्यातून जुनीच रक्कम ओढली जाऊ शकते, कारण तो ऑटो डेबिटचा आदेश वेगळा असतो आणि तो बदलायचं कोणाच्या तरी लक्षात राहत नाही. मी स्वतः माझ्या टेबलावरून हा गोंधळ झालेला पाहिलाय, बाईंना मंजुरी ४ तारखेला, ५ ला जुना हप्ता ओढायला गेला, खात्यात कमी पैसे, बाउन्स, वर दंड, आणि क्रेडिट रिपोर्टला डाग. चूक आमची, निस्तरायला त्यांना दोन महिने. म्हणून पत्रातच तो मुद्दा घाला.

आता पत्र. असं लिहा, तुमचे तपशील भरून:

प्रति,
शाखा व्यवस्थापक, (बँक, शाखा)
दिनांक:

विषय: गृहकर्ज खाते क्र. (…) – उत्पन्नात घट झाल्याने ९ महिने फक्त व्याज भरण्याची व मुदत ९ महिन्यांनी वाढवण्याची विनंती

महोदय/महोदया,

वरील कर्ज आम्हा दोघांच्या नावे आहे. बाकी मुद्दल २४ लाख, मासिक हप्ता २७,३१३, उरलेली मुदत १४४ महिने. कर्ज घेतल्यापासून आजपर्यंत एकही हप्ता थकलेला नाही.

सहकर्जदार (नाव) यांची नोकरी दिनांक (…) रोजी गेली. त्यामुळे आमचे एकत्रित मासिक उत्पन्न ८८,००० वरून ४६,००० झाले आहे. आवश्यक घरखर्च २६,००० असून कर्जासाठी महिन्याला २०,००० पर्यंत रक्कम उपलब्ध होते. तपशील सोबत जोडला आहे.

(नाव) यांना त्यांच्या क्षेत्रातील (…) वर्षांचा अनुभव असून नवीन नोकरीसाठी प्रयत्न चालू आहेत. त्यास ६ ते ८ महिने लागतील असा आमचा अंदाज आहे.

म्हणून विनंती की:
१. दिनांक (…) च्या हप्त्यापासून ९ महिने आमच्याकडून फक्त मासिक व्याज (अंदाजे १८,०००) घ्यावे.
२. त्यानंतर सध्याचाच हप्ता पुन्हा सुरू करून कर्जाची मुदत ९ महिन्यांनी वाढवावी.
३. मंजुरी मिळाल्यास ऑटो डेबिटची रक्कम त्याच तारखेपासून बदलावी.

नोकरी आधी मिळाल्यास आम्ही तसे कळवून पूर्ण हप्ता लगेच सुरू करू. निर्णय होईपर्यंत सध्याचा हप्ता वेळेवर भरण्याचा आमचा प्रयत्न राहील. नवीन वेळापत्रक, लागणारे शुल्क आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये होणारी नोंद यांची माहिती लेखी द्यावी, ही विनंती.

आपले,
(दोघांच्या सह्या, फोन नंबर)

सोबत: नोकरी संपल्याचे पत्र, माझ्या ३ पगारपावत्या, दोघांचे ६ महिन्यांचे बँक स्टेटमेंट, उत्पन्न-खर्चाचा तक्ता.

बस, एवढंच. एका पानात. सासूबाईंचं ऑपरेशन, मुलांची शाळा, जे काही असेल ते खर्चाच्या तक्त्यात एका ओळीत येऊ दे, पत्रात नको. तक्ता खरा ठेवा बरं का, कारण स्टेटमेंट तुम्हीच जोडताय आणि तो माणूस ते उघडून बघणार. त्याच्यात कार्डातून रोख आलेली दिसेलच, विचारलं तर सरळ सांगा की हप्ता चुकू नये म्हणून केलं आणि आता मिटवलंय. हे सांगून मिटतं, लपवलं आणि सापडलं तर बाकीच्या आकड्यांवर पण विश्वास बसत नाही.

शब्द जपून वापरा. 'हप्ते माफ करा' असं कुठेही लिहू नका, तुम्ही माफी मागत नाही आहात, वेळ मागताय, आणि माफी म्हटलं की फाइल भलत्याच टेबलाला जाते. तसंच बोलता बोलता कोणी 'सेटलमेंट करून टाकू' म्हणालं तर हो म्हणू नका. सेटलमेंट म्हणजे बँक थोडं पाणी सोडते आणि तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर पूर्ण फेडलं नाही अशी नोंद राहते, ते अगदी शेवटचं दार आहे आणि तुम्ही अजून पहिल्या पायरीवर आहात. तुम्ही मागताय त्याची सुद्धा पुनर्रचित कर्ज अशी नोंद लागू शकते आणि पुढची काही वर्षं नवीन लोन मागताना ती आडवी येऊ शकते. म्हणून तर ते लेखी मागायचं. माझं मत विचाराल तर तुमच्या केसमध्ये ती नोंद परवडली, थकलेले हप्ते नाही परवडणार.

पत्र देताना दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख मारून पोच घ्या, आणि तेच पत्र स्कॅन करून शाखेच्या ईमेलवर त्याच दिवशी टाका. सही दोघांची हवी, लोनला जामीनदार असेल तर त्याची पण लागेल, त्याला आधीच कानावर घालून ठेवा, ऐनवेळी तो अडून बसला की दोन आठवडे जातात. एका आठवड्यात काही हललं नाही तर पोचेचा फोटो जोडून ईमेलवरच विचारा, फोनवर नाही. फोनवर "होऊन जाईल मॅडम" असंच उत्तर येतं आणि त्याचा पुरावा काही राहत नाही. नाही म्हणाले तर नकार लेखी द्या म्हणावं आणि तो घेऊन बँकेच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं. खूपदा लेखी नकार मागितला की 'थांबा, परत बघतो' होतं.

तिकडून उलट प्रस्ताव येईल, येतोच. २४,३४२ वाला १५ वर्षांचा आला तर नम्रपणे सांगा की आमच्याकडे २० आहेत, हा तिसऱ्या महिन्यात बाउन्स होईल. संकोचाने हो म्हणू नका. सहा महिनेच देतो म्हणाले तर घ्या, पण सातव्या महिन्याची तयारी त्याच दिवसापासून. आणि जुनं लोन असेल तर जाता जाता विचारून घ्या की नवीन ग्राहकांना आत्ता दर काय देताय, खूपदा जुन्या लोकांचा दर वरच राहिलेला असतो आणि थोडं शुल्क भरून तो खाली आणता येतो. तो अर्धा टक्का जरी उतरला तरी तुमचं महिन्याचं व्याज १८ चं १७ होतं.

मंजुरीचं पत्र आलं की सही करायच्या आधी तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा: व्याजाची रक्कम कुठल्या तारखेपासून, नऊ महिन्यांनंतरचा हप्ता २७,३१३ च आहे ना (काही वेळा मुदत न वाढवता हप्ताच वाढवून ठेवतात, तो साधारण २८,३३० होतो आणि कोणी बघत नाही), आणि लोनसोबत विमा घेतला असेल तर त्याची तारीख. लोन नऊ महिने पुढे गेलं म्हणून विमा आपोआप पुढे जात नाही, शेवटचे नऊ महिने उघडे राहतात. आणि तो विमा काढून बघताच आहात तर त्याच्यात नोकरी गेल्यावर काही हप्ते भरायचं कलम आहे का ते पण बघा. काही पॉलिसींमध्ये असतं, आणि त्याचा क्लेम करायला मुदत फार थोडी असते, तुमचे तर दोन महिने आधीच गेलेत.